आकडा अंदाजाने वाचू नका, फोटो परत मागा

काल एका भावाने सोयाबीनच्या तणनाशकाच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. इमाझेथापायर १०% एसएल, समोर १००० मिली, पण तक्त्याची वरची ओळ कापलेली. म्हणे, "एकराला लिटर टाकू ना?" म्हटलं थांब, फोटो परत काढ. दुसऱ्या फोटोत वर 'प्रति हेक्टर' निघालं! म्हणजे एकराला ४०० मिलीच. अडीचपट पडलं असतं तर सोयाबीनलाच झटका बसला असता.

माझं मत सरळ आहे. पुसट शब्द मागच्या-पुढच्या शब्दांवरून लागतो, आकडा लागत नाही. मित्रांनो, घडी उलगडून कागद सपाट ठेवा अन् उजेडात तक्त्याच्या मथळ्यासकट फोटो काढा. फवारणी तासभर उशिरा झाली तरी चालते.