ताण स्वरांतराचा की शैलीचा?

शुद्ध मध्यम आणि त्याच्या वरचा शुद्ध निषाद यांत सहा अर्धस्वरांचे अंतर असते. यालाच ‘ट्रायटोन’ म्हणतात. षड्ज-पंचमांतील २:३ सारखे सोपे गुणोत्तर येथे नसते. त्यामुळे हे स्वर एकत्र वाजविल्यास त्यांचे स्वयंभू स्वर नीट जुळत नाहीत व नाद किंचित खरखरीत होतो. परंतु एवढ्यावरूनच या अंतरास विसंवादी ठरविणे उचित नाही. युरोपीय अभिजात संगीतात निषाद वर षड्जाकडे व मध्यम खाली गंधाराकडे सरकला, की ताण निवळतो. ब्लूजमध्ये मात्र गंधार व कोमल निषाद यांतील तेच अंतर मूळ स्वरसंघातच असते आणि रचना अनेकदा त्यावरच विसावते. खरखर कानाला जाणवते. तिचे निरसन हवे की नको, हे शैली ठरविते.