सेन्सर खराब नसतो, बसवणारा चुकतो

आज द्राक्षावर नाही, गेटच्या लाइटवर लिहितोय.

"डे-नाइट सेन्सर आपल्याकडं टिकत नाही, साधा बटनच बरा." हे वाक्य निफाड-सिन्नरकडं दर चार वस्त्यांवर ऐकतो. मग होतं काय? बटन दाबायचं राहतं आणि गेट अंधारात. शेजारी ऊस, उसात बिबट्या. नाहीतर बटन बंद करायचं राहतं आणि लाइट भर दुपारी चालू. काहीजण टायमर सांगतात. पण नाशिकला जूनमध्ये दिवस मावळतो सव्वासातला आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास. त्यात लाइट गेली की साध्या टायमरचं घड्याळही तेवढंच मागं पडतं. सेन्सर घड्याळ बघत नाही, उजेड बघतो. म्हणून सेन्सरच पाहिजे. पण तो बसवताना आपण दोन चुका करतो आणि बोल त्याला लावतो.

पहिली चूक रंगाची. सेन्सरला तीन वायरी असतात. बहुतेकांत काळी म्हणजे येणारा फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे बल्बकडं जाणारी. आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये मात्र लाल फेज आणि काळी न्यूट्रल! गडबड इथंच होते. वायरमन सवयीनं रंगाला रंग जोडतो. घरचा फेज सेन्सरच्या लाल वायरीला आणि न्यूट्रल काळीला दिला, की आतले कॉन्टॅक्ट जुळताच फेज-न्यूट्रल थेट भिडतात. मग एमसीबी पडतो, नाहीतर सेन्सर जळतो. आणि आपण म्हणतो, माल डुप्लिकेट होता.

त्याहून वाईट चूक म्हणजे लाइट लागते, पण सेन्सर न्यूट्रल तोडतो. माझ्या गेटवर हेच होतं. दिवसा बल्ब बंद, म्हणून गडी बल्ब बदलायला शिडीवर चढला आणि होल्डरला हात लागताच झटका बसला. नशीब, खाली पडला नाही. बल्ब बंद होता, पण होल्डरमध्ये फेज चोवीस तास उभा होता. ज्यानं जोडणी केली तो म्हणाला, "लाइट लागती ना?" भाऊ, लाइट लागणं म्हणजे जोडणी बरोबर असणं नव्हे.

बरोबर जोडणी अशी. मेन बंद करा, टेस्टर लावून खात्री करा. सेन्सरच्या अंगावरचा नकाशा वाचा, रंगावर विसंबू नका. एमसीबीतून आलेला फेज सेन्सरच्या लाइन वायरीला. सेन्सरची लोड वायर बल्बच्या एका टोकाला. घरचा न्यूट्रल दोन ठिकाणी जातो, सेन्सरच्या न्यूट्रलला आणि बल्बच्या दुसऱ्या टोकाला. बस, एवढंच. सांधे टेप गुंडाळून उघड्यावर सोडू नका, बंद डबीत कनेक्टरनं घ्या आणि वायर डबीच्या खालून आत घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरणार नाही. गेट किंवा खांब लोखंडी असेल तर अर्थिंग द्याच. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या, पण करताना शेजारी उभे राहून बघा.

दुसरी चूक जागेची. माझी जोडणी सुधारली, तरी संध्याकाळी लाइट लागायची, थोड्या वेळानं विझायची, परत लागायची. वायरमननं लगेच निकाल दिला, "सेन्सर गेला." मी सेन्सरवर काळं फडकं घट्ट गुंडाळलं. लाइट लागली आणि विझलीच नाही. म्हणजे सेन्सरही ठीक आणि जोडणीही ठीक. फडकं बांधूनही लाइट लागली नसती, तर जोडणी, बल्ब आणि सेन्सर तपासावा लागला असता. खरं कारण वेगळंच होतं. सेन्सर बल्बच्या बरोबर खाली होता. बल्ब लागला की सेन्सरला वाटायचं दिवस उगवला, तो लाइट बंद करायचा. अंधार झाला की परत चालू.

मग तो बल्बपासून दीड फूट वर, खांबाच्या मागच्या बाजूला, तोंड उत्तरेच्या मोकळ्या आभाळाकडं करून बसवला. तरी एकदा मिचकावला, कारण चुना मारलेल्या भिंतीवरून उजेड परत येत होता. तोंड जरा फिरवलं आणि थांबलं. झाडाच्या गर्द सावलीत लावाल तर लाइट लवकर लागेल आणि सकाळी उशिरा विझेल, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "सेन्सर गेला" म्हणालं, की नवा आणायला दुकानात पळू नका. आधी फडकं बांधा. आणि फेज कुठून तुटतोय ते त्याला टेस्टर लावून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही, तर पैसे देऊ नका.