चाबकाचा बुद्धिवाद

गगनबावड्याच्या पावसांत चार दिवस कोंडून बसलों असतां आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं खलिफा मामूनची भरपूर स्तुति केली. बुद्धिवादी पंडितांचा हा आश्रयदाता आणखी दहा वर्षें जगता, तर इस्लामी जगांतील अंधश्रद्धा कायमची बुडाली असती, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस तें साफ चुकीचें वाटतें.

मूळ वाद मराठी वाचकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. वेद नित्य व अपौरुषेय, असें मीमांसक म्हणतात. ते ईश्वराची कृति, असें नैयायिक म्हणतात. कुराणाविषयीं असाच प्रश्न बगदादेस उठला. मुअतझिली पंडितांचें म्हणणें असें कीं, कुराण अनादि मानलें तर ईश्वराशेजारीं दुसरें अनादि तत्त्व उभें राहतें व एकेश्वरवाद भंगतो. म्हणून तें ईश्वरानें निर्माण केलेलेंच असलें पाहिजे. परंपरावादी म्हणत, तें ईश्वराचें वचन आहे. याहून अधिक खोदकाम नको. युक्तिवाद म्हणून पहिला पक्ष आम्हांस अधिक सबळ वाटतो, हें येथेंच कबूल करून टाकतों.

परंतु इ. स. ८३३ मध्यें मामूननें बगदादचा अधिकारी इसहाक बिन इब्राहीम यास फर्मान पाठविलें कीं, काजींची या मताविषयीं परीक्षा घ्यावी, आणि जो कुराणास निर्मित म्हणणार नाहीं त्याची साक्ष न्यायालयांत ग्राह्य धरूं नये. म्हणजे वारशाच्या तंट्यांत साक्ष द्यावयास आलेल्या माणसासहि आधीं तत्त्वज्ञानांत उत्तीर्ण होणें भाग! बिशर बिन वलीद या काजीची उलटतपासणी वाचण्यासारखी आहे. ईश्वर सर्व वस्तूंचा निर्माता, एवढें तो मान्य करी. कुराण ही वस्तु आहे, हेंहि मान्य करी. मग तें निर्मित काय, असें विचारतांच, तें निर्माता नव्हे, असें म्हणून निसटे. बुद्धीच्या नांवानें मांडलेल्या दरबारांत बुद्धीची ही कसरत!

धमक्या वाढतांच बहुतेकांनीं मान डोलावली. अहमद बिन हंबल व महंमद बिन नूह हे दोघे अडून राहिले. त्यांस बेड्या घालून मामूनच्या छावणीकडे धाडलें. ते पोंचण्यापूर्वींच मामून वारला, आणि परतीच्या वाटेवर इब्न नूहहि गेला. अहमदास पुढील खलिफा मुतसिम यानें तुरुंगांत ठेवून फटके मारविले. त्याचा मुलगा वासिक याची तऱ्हा याहून निर्दय. ८४५ सालीं बायझंटाइनांशीं कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हां सुटूं पाहणाऱ्या मुसलमान कैद्यांस तोच प्रश्न विचारण्यांत आला, आणि नकार देणारास शत्रूच्या हातींच राहूं दिलें.

८४७ सालीं गादीवर आलेल्या मुतवक्किलानें ही परीक्षा थोड्याच वर्षांत बंद केली. तो सहिष्णु होता असें मात्र कोणीं समजूं नये. करबला येथील हुसेनची कबर त्यानेंच पाडविली.

आमच्या स्नेह्यांस दहा वर्षें हवीं होतीं. मामूनच्या मागें ही परीक्षा त्याहून अधिक काळ चालली. तेवढ्या अवधींत मुअतझिलींची राजदरबारांतील प्रतिष्ठा ओसरली, आणि ज्यास फटके बसले त्याच्या नांवाचा हंबली पंथ आजहि चालूं आहे.