तलफ आली की दहा मिनिटे चाला

‘व्यायाम सुरू करा, सिगारेट आपोआप सुटेल’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. डॉक्टर देतात, घरातले वडीलधारे देतात आणि स्वतः न ओढणारे शेजारी तर हमखास देतात. ऐकणारा बिचारा पहाटे उठून आठ दिवस फिरून येतो. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याच्या बोटांत पुन्हा सिगारेट दिसते आणि मग तो म्हणतो, ‘आपल्याच्याने काही होणार नाही.’ माझ्या मते इथे माणसापेक्षा सल्ल्याचाच दोष अधिक आहे. व्यायामाकडून जे होण्यासारखे आहे ते आपण त्याला सांगितले नाही आणि जे होण्यासारखे नाही त्याचे आश्वासन मात्र देऊन बसलो.

धूम्रपान सोडणाऱ्यांना व्यायामाचा उपयोग होतो का, यावर झालेल्या चाचण्या एकत्र करून ‘कॉक्रेन’ या संस्थेने 2019 साली आढावा प्रसिद्ध केला. त्यात 24 चाचण्या आणि सात हजारांवर माणसे होती. इतर मदतीच्या जोडीला व्यायाम दिल्याने सहा महिन्यांनंतरही सिगारेटपासून दूर राहिलेल्यांची संख्या वाढते, असा पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणजे व्यायामाने व्यसन सुटते असे म्हणायला आज तरी आधार नाही.

पण याच विषयाची दुसरी बाजू भक्कम आहे. प्रश्न व्यसनाचा न ठेवता तलफेचा ठेवला, तर उत्तर वेगळे येते. एड्रियन टेलर आणि मायकेल अशर या ब्रिटिश संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली अशा 14 अभ्यासांचा आढावा घेतला. काही तास सिगारेट न ओढलेल्या माणसाला थोडा वेळ व्यायाम करायला लावायचा आणि तलफ किती राहिली ते विचारायचे, असे या अभ्यासांचे साधारण स्वरूप. त्यांपैकी 12 अभ्यासांत तलफ झटकन उतरलेली आढळली. पाच मिनिटांच्या व्यायामानेही फरक पडला होता. ‘लक्ष दुसरीकडे गेले म्हणून बरे वाटले असेल’ ही शंका कुणीही घेईल. म्हणून एका अभ्यासात काही जणांना डोके गुंतवणारी आकडेमोड दिली आणि काही जणांना तेवढाच वेळ सायकलवर बसवले. सायकलवाल्यांची तलफ अधिक उतरली.

आता किती आणि कसा व्यायाम, हा कळीचा मुद्दा. तलफ उतरवण्यात मध्यम आणि जोरदार व्यायाम यांच्यात फारसा फरक दिसत नाही. रमतगमत चालण्याचा मात्र उपयोग फार थोडा. तेव्हा कोंढाण्याची चढण धापा टाकत चढायचे कारण नाही आणि हात मागे बांधून शतपावली घातल्यानेही भागायचे नाही. मध्यम व्यायाम ओळखायची सोपी खूण अशी, की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. पावलांत सांगायचे तर मिनिटाला सुमारे शंभर. दहा मिनिटांत हजार पावले झाली की पुरे. नाडी मोजण्याची हौस असेल, तर चाळिशीतल्या, बसल्या जागी 72 ठोके असणाऱ्या माणसाची नाडी चालताना साधारण 115 ते 137 च्या दरम्यान असावी. म्हणजे थांबल्याबरोबर दहा सेकंदांत 19 ते 23 ठोके.

हे व्यवहारात कसे बसते ते पाहू. समजा, खोपोलीचा एक चाळिशीतला गृहस्थ ठाण्याला नोकरीला आहे. संध्याकाळी लोकल त्याला कर्जतला सोडते आणि खोपोलीच्या गाडीला अजून वेळ असतो. रेल्वेच्या हद्दीत धूम्रपानाला बंदी असल्याने गाडीत दीड तास काढलेला हा माणूस स्टेशनाबाहेर येतो. चहा आणि सिगारेट, हा त्याचा वर्षांचा परिपाठ. त्याची तलफ निकोटिन उतरल्यामुळे आहे, तशीच त्या जागेमुळे आणि त्या वेळेमुळेही आहे. कर्जत आले की हात आपसूक खिशाकडे जातो.

अशा माणसाने पहाटे तासभर व्यायाम केला, तरी संध्याकाळी साडेसातच्या तलफेला त्याचा उपयोग नाही. व्यायामाचा हा परिणाम काही दिवसभर टिकणारा नसतो. साधारण अर्धा तास धरून चालावे. म्हणून त्याने टपरीकडे न वळता फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झपझप फेऱ्या माराव्यात. दहा मिनिटे, घड्याळ लावून. मग गाडीत बसावे. खोपोलीपर्यंतची पंचवीसेक मिनिटे त्या चालण्याच्या पुण्याईवर निघतील. उतरल्यावर मात्र परिणाम ओसरत आलेला असतो आणि बाहेर पुन्हा टपरी असतेच. इथे रिक्षा न करता घरापर्यंत त्याच चालीने जावे. चालण्यामुळे पुढची सिगारेट सुमारे तासभर लांबल्याचे एका अभ्यासात दिसले आहे. पहिल्या आठवड्यात असा लांबवलेला एकेक तासच कामाला येतो, कारण सिगारेट सोडल्यावर त्रास सर्वांत जास्त होतो तो पहिले दोन-तीन दिवस, आणि पुढे तीन-चार आठवड्यांत तो बराच कमी होतो.

पावसाळ्यात, गर्दीत किंवा रात्रपाळीला यंत्रापाशी उभे असताना चालणे जमत नाही. तेव्हा बसल्या-उभ्या जागी हात, मांड्या, पोटऱ्या यांचे स्नायू आळीपाळीने आवळून काही सेकंद धरून सोडावेत. पाच मिनिटे असे केल्यानेही तलफ तात्पुरती उतरल्याचे अशर यांच्या प्रयोगांत आढळले. परिणाम टिकतो मात्र थोडा. चालताना ओढणारा मित्र सोबत नको, हे वेगळे सांगायला नको. गप्पांच्या नादात चाल मंदावते आणि वाट टपरीशी संपते. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

एक आक्षेप मला खालापूरकडच्या शेतकऱ्यांकडून नेहमी ऐकू येतो. ‘आम्ही दिवसभर चिखलात लावणी करतो, तरी बिडी सुटत नाही, मग तुमच्या दहा मिनिटांनी काय होणार?’ आक्षेप रास्त आहे. यावर माझे म्हणणे एवढेच, की काम चालू असताना बिडी ओढली जात नाही. ती बांधावर टेकल्यावर पेटते. त्या विसाव्याच्या वेळी अंग थकलेले असते, तेव्हा त्याला आणखी चालायला सांगणे हा शहाणपणा नव्हे. या चाचण्यांतली बहुतेक माणसे शेतात राबणारी नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे.

आणि या चाचण्या जवळजवळ सगळ्या सिगारेटवरच्या आहेत. आपल्याकडची गोष्ट निराळी. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारच्या आसपास होते, तर तंबाखू, मिश्री वगैरे तोंडात ठेवणारे चोविसांच्या घरात. चुना लावून मळलेल्या तंबाखूचे निकोटिन गालातून सावकाश भिनत राहते. त्याची तलफ चालण्याने तितकीच उतरेल असे छातीठोकपणे सांगण्याएवढा अभ्यास झालेला नाही. निकोटिन तेच असल्याने करून पाहण्यात नुकसान नाही, एवढेच म्हणता येते. मिश्रीवाल्या घरांसाठी आणि दिवसाला वीस-पंचवीस बिड्या ओढणाऱ्यांसाठी नुसते चालणे पुरणार नाही. औषधांच्या दुकानात निकोटिनचे च्युइंगगम मिळते, ते डॉक्टरांना विचारून वापरावे. ते आणि चालणे एकत्र करायला हरकत नाही. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर आहे.