बूट पुरुषाचा, पाय आमचा

(आमच्या कारखान्यातल्या व्यवस्थापकांना आम्ही दिलेले पत्र. इतर कारखान्यांतल्या मैत्रिणींना उपयोगी पडेल म्हणून पाठवत आहोत.)

मा. व्यवस्थापक साहेब,

सेफ्टी बूट न घातल्याबद्दल प्रेसखात्यातल्या तीन बायांना आपण मेमो दिलात. ते बूट बायांच्या पायांसाठी बनलेलेच नाहीत, हे मेमोत कुठेच नाही.

स्टोअरमध्ये सर्वांत लहान बूट सहा नंबरचा आहे. मेमो मिळालेल्या एकीचा पाय चार नंबरचा. ती दोन मोजे घालते, पुढे चिंध्या कोंबते. तरी जिन्यावर टाच बुटातून वर निघते. बोटांवरची लोखंडी टोपी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे सुमारे एक मीटरवरून पडलेले वीस किलोचे वजन. पण लांब बुटात बोटे टोपीखाली पुरती जात नाहीत. टोपीची मागची कड बोटांवरच येते. डाय निसटली तर ती कडच बोटांत रुतेल.

आपण म्हणालात, "पाच नंबर मागवतो." साहेब, प्रश्न नुसत्या नंबराचा नाही. बूट ज्या साच्यावर चढवतात, ज्याला कारागीर फर्मा म्हणतात, तो पुरुषाच्या पायाचा आहे. तेवढ्याच लांबीच्या बाईच्या पायाची टाच बहुधा अरुंद असते आणि पायाची उंचीही वेगळी. फर्मा तोच ठेवून नंबर कमी केला की लांबी जुळते, टाच मात्र सैलच राहते. ती धरून ठेवायला नाडी करकचून आवळावी लागते आणि दुपारनंतर पाय सुजला की वरचा भाग काचतो.

खात्री करायची तर पाळी संपताना या. एखाद्या बाईला बूट घालून जिना चढायला सांगा आणि टाच उचलते का पाहा. मग तिला चवड्यावर उभे करा. पाय जिथे वाकतो तिथेच बूट वाकतो का, तेही पाहा.

"बूट बसत नसतील तर बायांना पॅकिंगला पाठवू," असे सुपरवायझर म्हणतात. पॅकिंगला मजुरी कमी आणि प्रेसचा भत्ता नाही. चूक खरेदीची, दंड आम्हाला! हे आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येकीच्या दोन्ही पायांची लांबी आणि चवड्याची रुंदी पाळीच्या शेवटी मोजावी.
२. बायकांच्या फर्म्यावरचे, आयएस १५२९८ प्रमाणे २०० ज्यूलचेच बूट घ्यावेत. नाजूक दिसणारी हलकी चप्पल नको.
३. मोठी ऑर्डर देण्याआधी काही जोड आम्ही पूर्ण पाळीभर घालून पाहू. आमच्या सहीशिवाय खरेदी नको.
४. तिन्ही मेमो मागे घ्यावेत. नवे बूट येईपर्यंत कोणाचीही बदली किंवा भत्त्यात कपात नको.

बायांची संख्या कमी म्हणून खर्च परवडत नाही, असे आपण म्हणता. संख्या कमी असली तरी बोटे प्रत्येकीला दहाच आहेत.

आपल्या,
प्रेसखात्यातील महिला कामगार प्रतिनिधी