पोस्टर मोजून अतिसार मोहीम कळत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर अतिसार नियंत्रणाची मोहीम आली की तालुक्यातून अहवाल वर जातात. इतक्या प्रभातफेऱ्या, इतकी पोस्टर्स, ओआरएसची इतकी पाकिटे वाटली. २०१४ पासून देशभर अशी मोहीम चालते. मात्र जुलाब झालेल्या मुलाला आईने ओआरएस पाजले का, या एकाच प्रश्नाचे उत्तर त्या अहवालांत सहसा नसते. ते हवे असेल, तर मोजमापाचा आराखडा मोहिमेआधीच ठरवावा लागतो.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस आणि जेमतेम ३० टक्क्यांना झिंक मिळाल्याचे दिसले. पण हे आकडे देशाचे आहेत. एखाद्या तालुक्यात सुरुवातीची स्थिती काय आहे, हे तिथेच पाहणी करून कळते. ती पाहणी झाली नसेल, तर शेवटी आलेला ६५ टक्क्यांचा आकडा मोहिमेचे यश की आधीचीच स्थिती, हे सांगता येत नाही.

समजा, एका तालुक्यात अशी पाहणी करायची आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून ३० गावे निवडायची आणि प्रत्येक गावात गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झालेली ७ मुले शोधायची, म्हणजे २१० मुले होतात. इथेच पहिली अडचण येते. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दोन आठवड्यांत जुलाब झालेली मुले शंभरात सातच्या आसपास होती. म्हणजे सात मुले मिळायला गावात शंभरेक मुलांची चौकशी करावी लागते. सर्वेक्षकांचे दिवस आणि खर्च त्या हिशेबानेच धरायला हवेत.

उद्दिष्टही याच संख्येवरून ठरते. दोन्ही वेळा २१० मुले पाहिली, तर सुमारे १० टक्क्यांपेक्षा लहान फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. एका गावातल्या घरांच्या सवयी सारख्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ही मर्यादा आणखी वाढते. म्हणून ‘५० वरून ५५ टक्के’ असे उद्दिष्ट कागदावर ठेवले, तरी ते गाठले की नाही हे या पाहणीतून समजणार नाही. मुलांची संख्या तरी वाढवावी, नाहीतर उद्दिष्ट तरी मोठे धरावे. दोन्ही पाहण्या वर्षाच्या एकाच महिन्यात व्हायला हव्यात. एप्रिलमधल्या आणि ऑगस्टमधल्या जुलाबांची तुलना केली, तर फरक ऋतूचा की मोहिमेचा हे कळत नाही.

आता प्रश्न कोणी आणि कसा विचारायचा? ज्या आशाताईंनी ओआरएसचे महत्त्व सांगितले, त्यांनीच ‘दिलंत ना?’ असे विचारले, तर बहुतेक आया ‘हो’ म्हणतील. त्यात खोटेपणापेक्षा भीड अधिक असते. म्हणून पाहणीला बाहेरचे सर्वेक्षक हवेत. त्यांनी ‘बाळाला जुलाब झाले तेव्हा काय काय दिलं?’ असे मोकळे विचारावे. ओआरएसचे नाव आईच्या तोंडून येते का, हे आधी ऐकावे.

पुढची तपासणी हाताने करायची. पाकीट आणि घरातलीच भांडी देऊन आईला द्रावण बनवायला सांगावे. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले, तर क्षार फार दाट होतात आणि बाळाला अपाय होऊ शकतो. थोडे थोडे अंदाजाने घेतले, तरी प्रमाण बिघडते. ‘ओआरएस माहीत आहे’ असे सांगणाऱ्या किती जणी ते बरोबर बनवतात, ही तफावतच मोहिमेने नेमके काय शिकवायचे ते दाखवते. झिंकचा डोस १४ दिवसांचा असतो आणि जुलाब थांबले की गोळ्या बंद होतात. म्हणून गोळ्यांची पट्टी मागून किती उरल्या ते मोजावे.

आशाताईंच्या नोंदवहीचा आणि आरोग्य केंद्रातल्या साठ्याच्या नोंदीचा उपयोग वेगळा आहे. कुठल्या उपकेंद्रात पाकिटे संपली, कुठे झिंक पोहोचलेच नाही, हे दर आठवड्याला त्यातून कळते आणि मोहीम चालू असतानाच दुरुस्ती करता येते. मात्र वाटलेले पाकीट म्हणजे पाजलेले पाकीट नव्हे. या नोंदी शेवटच्या निकालासाठी वापरू नयेत. बाह्यरुग्ण विभागातल्या जुलाबाच्या रुग्णांची संख्या वाढली म्हणून मोहीम फसली, असेही म्हणू नये. जागृतीमुळे पालक मुलांना लवकर आणू लागले, तरी ती संख्या वाढते.

या पाहणीला वेळ आणि पैसा लागतो, आणि काटकसर करताना आधी तिलाच कात्री लागते. त्यापेक्षा पोस्टर्स कमी छापावीत. पाहणीचा खर्च मोहिमेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा आणि सुरुवातीचा आकडा हाती आल्याशिवाय प्रचारसाहित्याला मंजुरी देऊ नये. अन्यथा पुढच्या पावसाळ्यातही तीच पोस्टर्स लागतील आणि कोणत्या गावात मुलांना ओआरएस मिळाले नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.