वाटणी: आधी आकडा लिहा, मग बांध घाला

दोन एकर बागायत आणि तिच्यातली विहीर, रस्त्याकडेचा एकरभर माळ, गावातलं जुनं घर आणि आईचे दागिने. वारस तीन: गावात राहून शेती करणारा थोरला, पुण्यात नोकरी करणारा धाकटा आणि अकलूजला दिलेली बहीण. वेळापूर परिसरातल्या कुठल्याही घरात शोभेल असा हा ऐवज आहे. आईवडील दोघेही मृत्युपत्र न करता गेले, आता वाटणी करायची आहे, असं इथे समजून चालू.

गावाची पहिली सूचना ठरलेली असते. प्रत्येक गटाचे तीन तुकडे पाडा, घराच्या खोल्या मोजा, दागिने वजनावर वाटा. यात कोणावर अन्याय झाल्यासारखं दिसत नाही, म्हणून ती सगळ्यांना पटते. पण ऐंशी गुंठे बागायत तिघांत वाटली की प्रत्येकाला जेमतेम पावणेसत्तावीस गुंठे येतात आणि विहीर मात्र एकाच्याच तुकड्यात राहते. उरलेल्या दोघांना पाण्याची पाळी हवी, पाइपलाइन न्यायला वाट हवी, मोटारीचं वीजजोड कोणाच्या नावावर हे ठरायला हवं. रात्रीची वीज असली की पाळी कोणाची, यावरून पहिलं भांडण होतं आणि ते पुढे तहसीलदारापुढे वहिवाटीच्या दाव्यापर्यंत जातं. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, पण कालव्याचं पाणी लांबलं की जमिनीची खरी किंमत विहिरीवर ठरते. क्षेत्र सारखं मिळालं म्हणजे पाणी सारखं मिळालं असं होत नाही.

तुकडे पाडण्याला कायद्याचीही मर्यादा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनंतर सोलापूरसह बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे अशी आहे. याच कायद्यातली एक तरतूद फार थोड्या लोकांना माहीत असते. वाटपात कोणाचा हिस्सा तुकडा न पाडता देता येत नसेल, तर त्या वारसाला पैशात मोबदला द्यायचा. जमीन कोणी घ्यायची आणि पैसा कोणी, हे वारसांनी आपसांत ठरवायचं, आणि ठरलंच नाही तर चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे एकाला जमीन आणि दुसऱ्याला रक्कम, ही कल्पना कायद्याला परकी नाही. १८९३ चा विभाजन कायदाही त्याच वाटेने जातो. मालमत्तेचे सोयीने भाग पडत नसतील तर न्यायालय ती विकायला सांगू शकतं, आणि हिस्सेदारांपैकी कोणाला ती ठरलेल्या किमतीला घ्यायची असेल तर त्याला संधी देतं. दोघं पुढे आले तर जास्त रक्कम देणाऱ्याला ती मिळते.

मग अडतं कुठे? किंमत कोणी ठरवायची, इथे. रेडीरेकनरचा दर एक सांगतो, गावातला व्यवहार दुसरं सांगतो, आणि दोन्ही आकड्यांना ठाऊक नसतं की थोरल्याने त्या बागायतीत वीस वर्षं घाम गाळला आहे, किंवा आईच्या पाटल्यांकडे बहीण सोन्याच्या भावाने पाहतच नाही. एकच वस्तू तिघांना वेगवेगळ्या मोलाची असते. हे मोल लपवून ठेवलं की वाटणी बिघडते. उघड केलं तर त्यातूनच ती सुटू शकते.

ही गोष्ट पोलंडच्या गणितज्ञांनी नीट मांडली. ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये न्याय्य वाटपावर निबंध लिहिला आणि त्यात त्यांचे सहकारी ब्रोनिस्लाव्ह क्नास्टर यांची बंद पाकिटांची रीत दिली. रीत अशी: प्रत्येक वारसाने प्रत्येक वस्तूसमोर, ती आपल्याला किती मोलाची वाटते तो आकडा एकट्याने लिहायचा आणि पाकीट बंद करायचं. सगळी पाकिटं एकाच वेळी उघडायची. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याला ती वस्तू. मग रोख रकमेने फरक भरून काढायचा.

वरच्या तीन भावंडांवर ती चालवून पाहू. आकडे लाखांत आहेत आणि उदाहरणापुरतेच आहेत.

थोरला लिहितो: बागायत ६०, माळ १८, घर १२, दागिने ९. बेरीज ९९, म्हणजे त्याच्या लेखी त्याचा तिसरा हिस्सा ३३ चा. धाकट्याला निवृत्तीनंतर रस्त्याकडेला काही बांधायचं आहे. तो लिहितो: बागायत ४५, माळ ३०, घर १५, दागिने ६. बेरीज ९६, हिस्सा ३२. बहीण लिहिते: बागायत ४८, माळ २४, घर ९, दागिने १२. बेरीज ९३, हिस्सा ३१.

पाकिटं उघडली की बागायत थोरल्याकडे जाते, माळ आणि घर धाकट्याकडे, दागिने बहिणीकडे. थोरल्याला स्वतःच्याच हिशेबाने ६० मिळाले आणि हक्क ३३ चा होता, म्हणून तो २७ सामाईक रकमेत टाकतो. धाकट्याला ४५ मिळाले, हक्क ३२ चा, तो १३ टाकतो. बहिणीला १२ चे दागिने मिळाले, हक्क ३१ चा. ती १९ उचलते. जमलेल्या चाळीसातून एकोणीस गेले, एकवीस शिल्लक राहिले. ते तिघांत सात-सात वाटले की हिशेब मिटतो: थोरल्याने २० द्यायचे, धाकट्याने ६, आणि बहिणीला एकूण २६ मिळायचे.

आता प्रत्येकाच्या नजरेने पाहा. थोरल्याच्या हाती ६० ची बागायत वजा २०, म्हणजे ४०. अपेक्षा ३३ ची होती. धाकट्याला ३९ मिळाले, अपेक्षा ३२ ची. बहिणीला ३८ मिळाले, अपेक्षा ३१ ची. तिघेही स्वतःच्या मोजमापाने सात लाखांनी पुढे आहेत. हे पैसे कुठून आले? मोलातल्या फरकातून. तिघांनी प्रत्येक वस्तूला सारखाच आकडा लिहिला असता तर एक रुपयाही उरला नसता. भावंडांच्या आवडीनिवडी वेगळ्या असणं हे वाटणीतलं संकट मानलं जातं. इथे सगळ्यांच्या वाट्याला काही जास्त आलं ते त्या वेगळेपणामुळेच.

आणखी एक परीक्षा घ्यावी. बहिणीला विचारावं, दादाचा वाटा बदलून हवा का? तिच्या आकड्यांप्रमाणे बागायत ४८ ची, आणि त्याबरोबर २० देणं लागतं, म्हणजे २८. तिच्या हाती ३८ आहेत. ती नाही म्हणेल. धाकटा आणि थोरलाही अदलाबदलीला तयार होणार नाहीत. तीन वारसांत ही रीत दर वेळी याची खात्री देत नाही, म्हणून हा प्रश्न सही करण्यापूर्वी प्रत्येकाला तोंडाने विचारणं गरजेचं आहे.

रीत बिघडते ती दोन ठिकाणी. पहिलं, खोटा आकडा. थोरला बागायत सोडणार नाही हे ठाऊक असल्याने धाकटा तिच्यापुढे ५९ लिहू शकतो. त्याने त्याची एकूण बेरीज फुगते, हिस्सा वाढतो आणि थोरल्याच्या खिशातून जास्त निघतं. पण थोरल्याने ५८ लिहिले असतील, तर नको असलेली जमीन धाकट्याच्याच गळ्यात पडते आणि वर पैसेही त्यालाच द्यावे लागतात. हे धोक्याचं गणित पाकिटं भरण्यापूर्वी सगळ्यांना समजावून सांगितलं तर बहुतेक लोक मनातला आकडा लिहितात.

दुसरं ठिकाण जास्त नाजूक आहे. थोरल्याजवळ वीस लाख रोख नसतात. रक्कम उभी करता येणार नाही या धास्तीने तो बागायतीला कमी आकडा लिहील आणि कसता हात जमिनीपासून तुटेल. बहिणीचंही तेच, तिला जमीन हवी असली तरी तिच्या हाती पैसा नसतो, म्हणून ती माघार घेते आणि सगळे म्हणतात, तिला जमिनीची हौसच नव्हती. यासाठी हप्ते आधी ठरवावेत, पाकिटं नंतर भरावीत. उदाहरणार्थ, ज्याला रक्कम द्यायची आहे त्याने ती पाच वर्षांत, दर हंगामाला उसाचं बिल जमा झाल्यावर द्यायची, आणि उशिराच्या रकमेवर ठरलेलं व्याज. ही सवलत तिघांनाही सारखी हवी. सोसायटीचं कर्ज कोणाच्या नावावर आहे, तेही आकडे लिहिण्यापूर्वी कागदावर यायला हवं. नाहीतर जमीन एकाकडे आणि थकबाकी तिघांकडे असं होतं.

बहिणीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क १९९४ मध्येच दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. तरीही वाटणीच्या बैठकीत बहीण म्हणते, "मला काय नको दादा, माहेर तेवढं राहू द्या." हे वाक्य ऐकून सुटकेचा श्वास सोडणाऱ्या भावांनी एवढं तरी करावं: तिलाही पाकीट द्यावं, आणि तिने आकडे लिहिल्याशिवाय पाकिटं उघडू नयेत. नंतर तिला काही सोडायचं असेल तर कितीचं सोडते आहे हे तिला ठाऊक असेल, आणि भावांनाही. जो वारस आकडा लिहायलाच तयार नसतो, "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणतो, त्याच्याच मनात पुढे दहा वर्षं ती वाटणी सलत राहते.

फसवणूक बहुतेक कागदावर होते. बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं जातं आणि पैशाचं तोंडी ठरतं. नेहमीच्या हक्कसोडपत्रात मोबदला न घेता हक्क सोडल्याचं लिहिलेलं असतं. दोन हप्त्यांनंतर भावाने हात वर केले, तर तिच्याजवळ तिच्याच सहीचा उलटा पुरावा असतो. म्हणून रक्कम ठरली असेल तर नोंदणीकृत वाटपपत्र करावं आणि त्यात कोणाला काय, कोणी कोणाला किती, कोणत्या तारखांना, हे सगळं लिहावं. शेतजमिनीच्या वाटपपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. घराचं मुद्रांक शुल्क वेगळं असतं, ते आधी विचारून घ्यावं. पैसे बँकेतूनच द्यावेत.

देव्हाऱ्यातले टाक, वडिलांची वारीतली वीणा, ज्ञानोबांच्या पालखीचा वेळापुरात मुक्काम असताना दिंडीला जेवण घालण्याचा घरचा मान, यांना आकडा लिहायला सांगू नये. जुन्या काळी पाटीलकीचं वतन वाटताना मानपानाच्या तक्षिमा वेगळ्या लिहीत, आणि देवळांतल्या पूजेच्या पाळ्या आजही न्यायालयं मान्य करतात. तसंच इथे करावं: एक वर्ष थोरल्याकडे, पुढचं धाकट्याकडे, त्यापुढचं बहिणीकडे, अकलूजहून ती वेळापुरात येऊन पंगत वाढेल. हा क्रम वाटपपत्राला जोडून लिहावा.

वाटपपत्र झालं की ते तलाठ्याकडे द्यायचं, फेरफार मंजूर होऊन दोघा भावांचे सात-बारा वेगळे करून घ्यायचे, आणि दोघांच्या उताऱ्यांवर इतर हक्कांत बहिणीला देण्याच्या रकमेचा बोजा चढवून घ्यायचा. शेवटचा हप्ता पोचला की बहिणीने पावती लिहून द्यायची. बोजा उतरवण्याचा अर्ज भावाने त्या पावतीसह करायचा, त्याआधी नाही.